विधान-कारण प्रश्न: दोन्ही वाक्यं बरोबर निघाली, आता पुढे काय करायचं?

विधान: पृथ्वीवर ऋतू बदलतात.
कारण: पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते.

दोन्ही वाक्यं खरी आहेत, यात काही वाद नाही. मी हा प्रश्न पहिल्यांदा सोडवला तेव्हा 'दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे' हा पर्याय टिक करून पुढे गेले, अगदी खात्रीने, आणि उत्तर चुकलं. मग चिडून पुस्तक उघडलं तेव्हा लक्षात आलं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब असते जुलैच्या सुरुवातीला, साधारण 15.2 कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हाच आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो. आणि अंतरामुळे ऋतू होत असते तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता, पण जानेवारीत उत्तरेला हिवाळा आणि दक्षिणेला उन्हाळा असतो. खरं कारण आहे अक्षाचा कल, साडेतेवीस अंशांचा.

म्हणजे माझी माहिती चुकली नव्हती, जोडणी चुकली होती. या प्रकारात बहुतेकांचे मार्क नेमके इथेच जातात. वाक्य खरं की खोटं हे अभ्यास असेल तर कळतं, पण दोन्ही खरी निघाली की 'कारण योग्य स्पष्टीकरण आहे' हा पहिला पर्याय की 'योग्य स्पष्टीकरण नाही' हा दुसरा, इथे माणूस अडकतो आणि मग 'वाटतंय तर बरोबर' म्हणून टिक करतो. म्हणून मी इथे फक्त तेवढ्याच टप्प्याबद्दल लिहितेय, बाकीचं पटकन सांगून टाकते.

आधी वाक्यं वेगळी करा

प्रश्न दिसला की कारणावर पेन आडवं ठेवून ते झाका आणि विधान एकटं वाचा, खरं की खोटं ठरवा, बाजूला बरोबर किंवा चूक अशी खूण करा. मग विधान झाका आणि कारण असं वाचा की जणू तो वेगळाच प्रश्न आहे. हे बालिश वाटेल पण करा, कारण दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की एक दुसऱ्याला आधार द्यायला लागतं आणि खोटं कारणसुद्धा खरं वाटायला लागतं. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते' हे एकटं वाचलं तर थांबून विचार कराल, पण 'उन्हाळ्यात गरम होतं' याच्याखाली वाचलं तर सरळ पुढे जाल.

यातलं एक जरी खोटं निघालं तर जोडणीचा प्रश्नच उरत नाही, उत्तर मिळालं, पुढच्या प्रश्नाला जा. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' असे शब्द असतील तर जरा जास्त थांबा, तिथेच वाक्य खोटं केलेलं असतं. उदाहरणार्थ 'सर्व धमन्यांमधून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं' हे खोटं आहे कारण फुफ्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं.

अजून एक, पर्यायांचा क्रम दर पेपरला नीट वाचा. कुठे 'दोन्ही चूक' हा पर्याय असतो, कुठे नसतो, कुठे क्रमच वेगळा असतो. सवयीने 'पहिला म्हणजे योग्य स्पष्टीकरण' धरून टिक केलं आणि गेलं, असं होतं, आणि असा मार्क गेला की फार हळहळ वाटते.

आता विधानाला प्रश्न करा

दोन्ही खरी निघाली. आता कारण अजून झाकलेलंच ठेवा आणि विधानाचा 'का?' असा प्रश्न करा. नुसतं शेवटी 'का' लावू नका, विधानात नेमकी कुठली गोष्ट वेगळी, विशेष सांगितलीय ती शोधा आणि तिच्यावर बोट ठेवा. 'उंच डोंगरावर पाणी 100 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला उकळतं' या विधानात प्रश्न 'पाणी का उकळतं' हा नाही. प्रश्न आहे 'कमी तापमानाला का'. बोट 'कमी' वर ठेवायचं.

मग कारण न बघता स्वतःच्या शब्दांत चार-पाच शब्दांचं उत्तर मनात म्हणा. 'वर हवेचा दाब कमी म्हणून.' एवढंच. आणि आता पेन उचलून दिलेलं कारण बघा. तुमच्या उत्तराशी जुळलं तर छान. जुळलं नाही तर लगेच चूक म्हणू नका, पण आता तुम्ही सावध असता, कारण दिलेलं वाक्य डोक्यात शिरायच्या आधी तुमचं स्वतःचं उत्तर तिथे बसलेलं असतं. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे आधी कारण वाचलं, की डोकं त्या दोघांमध्ये आपोआप पूल बांधतं आणि तो पूल आपण बांधलाय हे आपल्याला कळतही नाही.

एकच विधान, सहा कारणं

हे नीट समजायला मी एकच विधान घेते आणि त्याच्याखाली वेगवेगळी कारणं ठेवते. सगळी कारणं खरी आहेत हे लक्षात ठेवा, म्हणजे खरं-खोटं हा मुद्दाच नाही, फक्त जोडणी बघायचीय.

विधान: उंच डोंगरावर पाणी 100 अंशांपेक्षा कमी तापमानाला उकळतं.

पहिलं कारण: उंचीवर हवेचा दाब कमी असतो. हे योग्य स्पष्टीकरण. द्रव उकळतो तेव्हा त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झालेला असतो, बाहेरचा दाबच कमी असेल तर तिथपर्यंत पोचायला कमी तापमान पुरतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि पाणी 70 अंशांच्या आसपास उकळतं.

दुसरं कारण: उंचीवर हवा थंड असते. खरं आहे, डोंगरावर गारवा असतोच. पण हे स्पष्टीकरण नाही. आता हे कसं ओळखायचं? कारण मनातल्या मनात काढून टाकायचं. समजा डोंगरावरची हवा थंड नसून गरम आहे, पण दाब तेवढाच कमी आहे, तर पाणी कमी तापमानाला उकळेल का? उकळेल. किंवा साध्या गरम खोलीत बंद भांड्यात पाणी ठेवा आणि पंपाने आतली हवा काढत जा, दाब पुरेसा खाली गेला की ते पाणी खोलीच्याच तापमानाला उकळायला लागतं, हा प्रयोग शाळेतसुद्धा दाखवतात. म्हणजे थंडी काढली तरी विधान जसंच्या तसं उभं राहतं, त्यामुळे थंडी हे कारण नाही. थंड हवा आणि कमी दाब हे दोघं एकाच डोंगरावर राहतात एवढंच, मी अशा कारणाला 'शेजारी' म्हणते.

तिसरं कारण: उंचीवर उघड्या भांड्यात अन्न शिजायला जास्त वेळ लागतो. हेही खरं, आणि विधानाशी याचा संबंध तर अगदी घट्ट आहे, म्हणूनच फसायला होतं. पण दिशा उलटी आहे. पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून अन्न हळू शिजतं, अन्न हळू शिजतं म्हणून पाणी कमी तापमानाला उकळत नाही. हा 'परिणाम'. तो कारणाच्या जागी आणून बसवलाय.

चौथं कारण: प्रेशर कुकरमध्ये पाणी 100 अंशांपेक्षा जास्त तापमानाला उकळतं. खरं, साधारण 120 अंशांपर्यंत जातं. पण हे म्हणजे विधानाचा 'भाऊ' झाला. दोघांचा बाप एकच, तो दाबाचा नियम, पण भाऊ भावाचं कारण नसतो. कुकर जगात नसते तरी डोंगरावर पाणी तसंच उकळलं असतं.

पाचवं कारण: डोंगरावर पाण्याचा उत्कलनांक समुद्रसपाटीपेक्षा कमी असतो. हे वाचून 'हो, म्हणूनच तर' असं वाटतं ना? पण नीट बघा, हे विधानच आहे, फक्त 'उकळतं' च्या जागी 'उत्कलनांक' हा शब्द आलाय. इथे 'का' ला उत्तर मिळालेलं नाही, तेच पुन्हा सांगितलंय, म्हणजे 'पुनरुक्ती'. पारिभाषिक शब्द आला की आपल्याला काहीतरी समजावलं गेलं असं वाटतं, या गोष्टीचा पेपर काढणारे बरोबर फायदा घेतात.

सहावं कारण: दाब कमी झाला की द्रवाचा उत्कलनांक कमी होतो. हे जरा अडचणीचं. यात डोंगराचा उल्लेखच नाही, 'उंचीवर दाब कमी असतो' ही कडी आपल्याला मधे घालावी लागते. तरी हे योग्य स्पष्टीकरण धरायचं असं माझं मत आहे, कारण ती मधली कडी शाळेच्या पुस्तकातली, सगळ्यांना माहीत असलेली आहे आणि नियम सांगणारं वाक्य थेट 'कमी' या शब्दाला उत्तर देतं. पहिल्या कारणात प्रसंग दिला होता आणि नियम आपण घातला, इथे नियम दिलाय आणि प्रसंग आपण घातला, दोन्ही चालतं. मधे एक साधी कडी घालावी लागली तर ठीक. दोन-तीन घालाव्या लागल्या आणि त्यातली एखादी 'कदाचित असं असेल' अशी असेल तर सोडा, मग ते स्पष्टीकरण तुमचं आहे, दिलेल्या कारणाचं नाही.

ही सहा कारणं एकदा वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढा, वाचून सोडू नका, कारण पुढे जे चुकीचे 'योग्य स्पष्टीकरण' भेटतात ते बरेचसे या चारपैकीच कुठले तरी असतात: शेजारी, परिणाम, भाऊ, पुनरुक्ती.

'म्हणून' लावून वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका

सगळीकडे सांगतात की दोन वाक्यांमध्ये 'कारण' शब्द घालून वाचा, जमलं तर स्पष्टीकरण. मला ही युक्ती अर्धवट वाटते. 'पाणी कमी तापमानाला उकळतं कारण हवा थंड असते', हे कानाला खटकत नाही, गुळगुळीत जातं. त्यापेक्षा उलटं करून 'म्हणून' ने वाचा: 'हवा थंड असते, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं.' आता जरा खटकलं ना? थंडीत तर पाणी तापायला वेळ लागतो मग लवकर कसं उकळेल, असा प्रश्न लगेच येतो. 'म्हणून' ने कारणाला पुढे यावं लागतं आणि त्याला काम करून दाखवावं लागतं.

पण हे सगळीकडे चालत नाही. 'कक्षा लंबवर्तुळाकार आहे, म्हणून ऋतू बदलतात' हे म्हणून लावूनसुद्धा छान वाटतं आणि तरी चूक आहे. त्यामुळे कानाला लागलं तर नक्की थांबा, पण कानाला लागलं नाही म्हणून बरोबर समजू नका. तिथे काढून टाकायची परीक्षा लावावीच लागते: कक्षा अगदी गोल असती तर ऋतू झाले असते का? अक्ष कललेला आहे तोवर झाले असते. संपलं.

तोच नियम दुसरीकडे लावून बघा

काढून टाकायची परीक्षा नेहमी जमत नाही, कारण 'हे नसतं तर काय झालं असतं' हे कधी कधी आपल्याला माहीतच नसतं. तेव्हा दुसरी परीक्षा. दिलेलं कारण जर खरंच कारण असेल तर ते जिथे जिथे आहे तिथे तसाच परिणाम दिसला पाहिजे, निदान तिकडे झुकलेला तरी दिसला पाहिजे.

माझी मावसबहीण गेल्या वर्षी परीक्षेची तयारी करत होती, तिला मी हा प्रश्न दिला होता. विधान: शुक्र हा सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह आहे. कारण: शुक्र सूर्यापासून दुसऱ्या क्रमांकावर आहे.

ती म्हणाली, "ताई, सोप्पं आहे, जवळ आहे म्हणून गरम. योग्य स्पष्टीकरण."

मी म्हटलं, "मग पहिल्या क्रमांकावर कोण आहे?"

"बुध." आणि ती तिथेच थांबली, मग हळूच म्हणाली, "मग बुध जास्त गरम हवा होता."

बरोबर तेच. जवळ असणं हे कारण असतं तर बुध जिंकला असता. बुधावर दिवसा तापमान 430 अंशांच्या आसपास जातं पण रात्री उणे 180 अंशांपर्यंत घसरतं, कारण त्याला उष्णता धरून ठेवणारं वातावरण जवळपास नाहीच. शुक्रावर मात्र दिवस असो रात्र असो साधारण 465 अंश. म्हणून मी कारण बदलून दिलं: शुक्राभोवती कार्बन डायऑक्साईडचं अतिशय दाट वातावरण आहे. तिने आधी काढून पाहिलं, वातावरण नसतं तर शुक्र एवढा तापला नसता, म्हणजे योग्य स्पष्टीकरण. छान.

मग मी तिला आणखी थोडं अडकवलं, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. कारण असं केलं: शुक्राच्या वातावरणात मुख्यतः कार्बन डायऑक्साईड आहे. 'दाट' शब्द काढला. आता हाच नियम मंगळावर लावा. मंगळाच्या वातावरणातसुद्धा सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साईड आहे, शुक्रावर 96 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण मंगळाचं सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास! मंगळ सूर्यापासून लांब आहे हा भाग आहेच, पण मुख्य गोष्ट अशी की तिथलं वातावरण इतकं विरळ आहे की त्याचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही, आणि शुक्रावर तो पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त आहे. टक्केवारीने काम होत नाही, एकूण किती वायू आहे त्याने होतं.

मग परीक्षेत 'दाट' शब्द नसलेलं कारण आलं तर काय टिक करायचं? मी योग्य स्पष्टीकरणच टिक करेन. कारण हरितगृह परिणामाची मूळ गोष्ट त्यात आलेली आहे, पेपर काढणाऱ्याला तेच विचारायचंय हे दिसतं, आणि विधानाचा 'का' दुसऱ्या कशाकडे वळवलेला नाही. अर्धं कारण आणि चुकीचं कारण यात फरक आहे. अर्ध्या कारणात खरी कडी असते पण सोबतची एखादी अट लिहिलेली नसते. ऋतूंचंही तसंच, 'पृथ्वीचा अक्ष कललेला आहे' एवढंच दिलं तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते ही अट आपण धरून घेतो आणि योग्य स्पष्टीकरण म्हणतो, ते बरोबरच आहे. चुकीच्या कारणात खरी कडीच नसते, तुम्ही कितीही अटी जोडल्या तरी ते विधानापर्यंत पोचत नाही. लंबवर्तुळाला हव्या तेवढ्या अटी जोडा, दोन गोलार्धांत उलटे ऋतू त्यातून काही निघणार नाहीत.

राज्यशास्त्रात 'कारण' म्हणजे काय

विज्ञानात वरच्या परीक्षा मस्त चालतात, पण राज्यशास्त्रात तिथे पंप लावून हवा काढता येत नाही. तरतूद ही कोणीतरी ठरवलेली असते, त्यामुळे तिथे 'का' चं उत्तर हेतू असतो: ही तरतूद अशी का ठेवली.

विधान: धन विधेयक राज्यसभेत मांडता येत नाही.
कारण: लोकसभेने पाठवलेलं धन विधेयक राज्यसभेला 14 दिवसांच्या आत परत करावं लागतं.

दोन्ही खरं. दोन्ही राज्यघटनेच्या कलम 109 मध्येच आहेत, अगदी एकाखाली एक. आणि म्हणूनच ज्याने कलम पाठ केलंय तो जास्त फसतो, कारण त्याच्या डोक्यात ती दोन वाक्यं चिकटलेली असतात. पण 'म्हणून' लावून बघा: 14 दिवसांत परत करावं लागतं, म्हणून मांडता येत नाही? काही जुळत नाही. 14 ऐवजी 30 दिवस दिले असते तरी मांडायची जागा लोकसभाच राहिली असती. हे वरच्या यादीतले 'भाऊ' आहेत, दोन्ही तरतुदी एकाच विचारातून आल्यात, तो म्हणजे पैशाच्या बाबतीत थेट जनतेने निवडलेल्या सभागृहाचा शब्द चालावा. उत्तर: दोन्ही बरोबर, पण योग्य स्पष्टीकरण नाही.

आता कारणाच्या जागी 'लोकसभेचे सदस्य थेट जनतेकडून निवडले जातात, राज्यसभेचे नाही' असं ठेवा. हा हेतू आहे, 'का ठेवलं' याला उत्तर देतो, त्यामुळे योग्य स्पष्टीकरण. राज्यशास्त्राच्या प्रश्नात मी नेहमी स्वतःला विचारते की दिलेलं कारण ही दुसरी एक तरतूद आहे की तरतुदीमागचा विचार आहे. दुसरी तरतूद असेल तर बऱ्याच वेळा स्पष्टीकरण नसतं. नेहमी नाही, कधी कधी एक तरतूद दुसरीतून थेट निघते, पण तेव्हा 'म्हणून' अगदी सरळ बसतं.

विधानातला शब्द आणि कारणातला शब्द एकाच गोष्टीबद्दल आहेत का

एक जागा राहिली जिथे हुशार पोरंसुद्धा घसरतात. विधान: डोंगररांगेच्या वातविमुख उताराला पाऊस कमी पडतो. कारण: वाताभिमुख उतारावरून वर चढणारी हवा थंड होऊन तिच्यातल्या बाष्पाचं सांद्रीभवन होतं.

बोट कुठे ठेवायचं? 'वातविमुख' आणि 'कमी' वर. कारण मात्र समोरच्या बाजूबद्दल बोलतंय, तिकडे पाऊस का पडतो ते सांगतंय. मागच्या बाजूला कमी का, याला थेट उत्तर असं: तिकडे हवा खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन गरम होते, आणि गरम हवेत ढग टिकत नाहीत. दिलेल्या कारणावरून तिथवर यायला 'बाष्प पुढच्याच बाजूला संपलं, मग मागे उरलं कमी' अशी कडी घालावी लागते. ती कडी चुकीची नाही, खरं तर तोही कारणाचा एक भाग आहे. म्हणून हा प्रश्न खरोखर वादाचा आहे आणि दोन शिक्षक दोन उत्तरं देऊ शकतात. माझं मत विचाराल तर मी 'योग्य स्पष्टीकरण नाही' कडे झुकते, कारण वाक्यात मागच्या बाजूचा एक शब्दही नाही. पण कारणाच्या शेवटी 'त्यामुळे पलीकडे जाणारी हवा कोरडी होते' एवढे चार शब्द असते तर मी लगेच पहिला पर्याय टिक केला असता. असे वादाचे प्रश्न सरावात आले तर उत्तरतालिकेशी भांडत अर्धा तास घालवू नका, त्या परीक्षेच्या जुन्या पेपरात अशा ठिकाणी काय धरलंय ते बघून ठेवा आणि तसंच धरा.

नाहीच ठरलं तर

दोन्ही वाक्यं खरी आहेत याची खात्री असेल आणि जोडणीवर अडकला असाल तर प्रश्न सोडू नका. बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1 अशी पद्धत असेल तर उरलेल्या दोनपैकी एक डोळे मिटून लावलं तरी सरासरी दीड मार्क मिळतो, कारण अर्ध्या वेळा 4 येतात आणि अर्ध्या वेळा 1 जातो. चुकीला एक तृतीयांश कापत असतील तरी हिशोब फायद्यातच राहतो. पण हे दोन्ही वाक्यांची खात्री असेल तेव्हाच, एका वाक्याबद्दलही शंका असेल तर तीन-चार पर्याय उघडे राहतात आणि मग गणित वेगळं होतं.

वेळेचं म्हणाल तर वाक्यं तपासायला अर्धा मिनिट आणि जोडणीला अर्धा मिनिट. जोडणीला मी आधी काढून टाकायची परीक्षा लावते, ती जमली नाही तर दुसरीकडे लावून बघते, त्याही पुढे गेलं तर खूण करून पुढे.

सराव कसा करायचा ते मात्र सांगते, कारण नुसते प्रश्न सोडवून ही गोष्ट येत नाही, निदान मला तरी आली नाही. जुन्या पेपरातला एक सोडवलेला प्रश्न घ्यायचा, विधान तसंच ठेवायचं आणि त्याखाली स्वतः चार कारणं लिहायची, सगळी खरी: एक योग्य, एक शेजारी, एक परिणाम, एक भाऊ. सुरुवातीला एका विधानाला वीस मिनिटं लागतात, शेजारी शोधताना तर डोकं चालत नाही. मावसबहिणीने रोज एक असं तीन आठवडे केलं आणि मग एक दिवस मलाच एक लिहून पाठवलं. विधान: धमन्यांच्या भिंती शिरांपेक्षा जाड असतात. कारण: धमन्या हृदयाकडून शरीराच्या इतर भागांकडे रक्त वाहून नेतात. खाली विचारलं होतं, "सांग ताई, योग्य की शेजारी?"

मी पाच मिनिटं घेतली. रक्ताची दिशा हे कारण असतं तर फुफ्फुस धमनीची भिंत महाधमनीइतकीच जाड हवी होती, कारण दोघीही हृदयाकडूनच रक्त नेतात. पण फुफ्फुस धमनीची भिंत पातळ असते, तिच्यातला दाब महाधमनीपेक्षा बराच कमी असतो म्हणून. म्हणजे खरी कडी दाब. 'हृदयातून निघालेलं रक्त जास्त दाबाने येतं' असं लिहिलं असतं तर योग्य झालं असतं, नुसत्या दिशेने भागत नाही. मी तिला 'शेजारी' असं कळवलं, तर तिचं उत्तर आलं, "मी अर्धं कारण म्हणून लिहिलं होतं, पण फुफ्फुस धमनी माझ्या डोक्यातच आली नाही." मग आम्ही दोघींनी तो प्रश्न वहीत 'शेजारी' च्या पानावर लिहिला, आणि बाजूला कंसात महाधमनी, फुफ्फुस धमनी, दाब एवढे तीन शब्द.